ग्रामीण कादंबरीतल्या पात्रांची नावं-आडनावं: सोलापूरकडच्या लेखकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर आणि आसपासची लिहिणारी मंडळी हस्तलिखित वाचायला देतात, तेव्हा कथानकाच्या आधी नावांवर बोलणं होतं. गाव अक्कलकोटकडचं आणि सगळी नावं साताऱ्याची, किंवा ऐंशी वर्षांच्या आजीचं नाव स्वाती, असं काही निघालं की इथला वाचक पुस्तक बाजूला ठेवतो. वारंवार येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत उदाहरण म्हणून एकच काल्पनिक गाव घेतलं आहे, म्हणजे धागा तुटणार नाही.

कादंबरी "सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात" घडते. नावं ठरवायला एवढं पुरतं का?

नाही पुरत. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि नावांच्या बाबतीत ते निदान चार तोंडांनी बोलतात. पंढरपूर, माढा, मोहोळ या पट्ट्यात वारकरी नावं दाट. पांडुरंग, पुंडलिक, ज्ञानेश्वर, सोपान, आणि बायकांत रुक्मिणी, चंद्रभागा. माढ्यातलं अरण हे सावता महाराजांचं गाव, त्यामुळे माळी समाजात सावता हे नाव आजही सापडतं. बार्शीकडे भगवंताचं देऊळ आणि अंबरीष राजाची कथा आहे. भगवंत आणि अंबऋषी ही नावं त्या बाजूला कुणाला नवी वाटत नाहीत. कोल्हापूरच्या वाचकाला मात्र अंबऋषी हे लेखकानं रचलेलं नाव वाटेल. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या माणदेशाला लागून असलेल्या भागात धनगर वस्ती मोठी. तिथे बिरू, बिरुदेव, खंडू, महालिंग, बायकांत मायाक्का, आणि आडनावं वाघमोडे, कोळेकर, बंडगर, मदने, खांडेकर. आणि चौथा पट्टा दक्षिण सोलापूर-अक्कलकोटचा. तिथे मराठीच्या पोटात कन्नड आहे.

म्हणून आधी तालुका ठरवा. शक्य असेल तर जवळचं बाजाराचं गाव आणि जत्रेचा देवही ठरवा. नावं त्यातूनच निघतात.

दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडच्या नावांत वेगळं काय?

पहिली खूण नावाच्या शेवटात. मल्लप्पा, शरणप्पा, निंगप्पा, इरण्णा. बायकांत गंगव्वा, सिद्धव्वा, बसम्मा. स्वामी, हिरेमठ, मठपती अशा आडनावांच्या जंगम घरांत पुरुषाचं नाव बहुतेक वेळा "अय्या"वर संपतं: गुरुपादय्या, शिवय्या. एखाद्या हिरेमठ पात्राला तुम्ही "मल्लप्पा" म्हटलंत तर पुण्यातल्या वाचकाला काही कळणार नाही, पण वळसंगच्या वाचकाला खटकेल.

दुसरी खूण देवांची. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धरामेश्वर. त्यामुळे सिद्धाराम, सिद्धेश्वर, सिद्धप्पा ही नावं घरटी असतात. शिवाय रेवणसिद्ध, मल्लिनाथ, भीमाशंकर, बसवराज, सातलिंग, अमोगसिद्ध. यातलं सातलिंग किंवा मल्लिनाथ नुसतं उच्चारलं तरी गाव कुठल्या दिशेला आहे हे सांगावं लागत नाही.

तिसरी खूण बायकांच्या नावांत, आणि लेखक नेमके इथेच कमी पडतात. पुरुषांची नावं शोधून आणतात आणि बायकांना शांता, कमला, लक्ष्मी देऊन मोकळे होतात. या पट्ट्यातल्या जुन्या पिढीत सुगलाबाई, गौराबाई, महानंदा, महादेवी, इराबाई अशी नावं आहेत. "सुगलाबाई" हे एक नाव दोन पानांच्या वर्णनाचं काम करतं.

आडनावांत बिराजदार, कलशेट्टी, म्हेत्रे, हत्तुरे, पाटील, स्वामी, माळी, कुंभार, पुजारी. बिराजदार लिहिताना जपा. लातूर-उदगीर आणि बिदरकडे तेच आडनाव "बिरादार" होतं. एकाच कुटुंबात दोन्ही रूपं आली तर वाचक ती मुद्रितशोधनाची चूक समजेल. उदगीरची सून असेल आणि तिचं माहेर बिरादार असेल, तर मात्र तो फरक मुद्दाम ठेवा.

माझ्या कादंबरीत पंचवीस पात्रं आहेत. पंचवीस आडनावं शोधू का?

मुळीच नको. खेड्यात तेवढी आडनावं नसतात. प्रत्येक पात्राला वेगळं आडनाव दिलं की गाव सरकारी कचेरीच्या हजेरीपटासारखं दिसायला लागतं. अडीचशे घरांच्या गावात साधारणपणे एक-दोन भावक्या मोठ्या असतात, तीन-चार मध्यम, आणि मग एकेक-दोनदोन घरांची आडनावं.

आपलं काल्पनिक गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमेच्या काठी, नदीपलीकडे कर्नाटकातला इंडी तालुका. मांडणी अशी करू. सर्वांत मोठी भावकी बिराजदारांची. त्यातही दोन थर, "वरल्या आळीचे" आणि "खालल्या आळीचे", आणि त्यांच्यात बांधावरून बोलणं बंद. दुसरी भावकी पाटलांची, घरं थोडी पण जमीन जास्त. मग गावाबाहेर मळ्यात राहणारे पुजारी, हे धनगर. बौद्ध वस्तीत बनसोडे आणि शिवशरण. मातंगांची लोखंडे आडनावाची काही घरं. जंगम स्वामी एकच घर. नदाफ आणि मुलाणी. एक कुंभार, एक सुतार. एवढ्यात पंचवीस पात्रं आरामात बसतात, आणि सात-आठ जणांचं आडनाव बिराजदारच राहतं. ते राहू द्या. गावात माणूस आडनावानं ओळखला जातच नाही.

एक कुटुंब पूर्ण बांधून दाखवाल का?

कथा २०१९ साली घडते असं धरू. खालल्या आळीचं बिराजदारांचं घर.

आजोबा शरणप्पा, जन्म १९४१च्या सुमाराचा. कागदावर शरणप्पा मल्लप्पा बिराजदार. आजी सुगलाबाई, माहेर नदीपलीकडचं, त्यामुळे चिडली की कन्नडमध्ये बोलते. त्यांचा थोरला मुलगा १९६६चा. या पिढीत "अप्पा" कमी होऊन देवाचं पूर्ण नाव पुढे येतं, म्हणून भीमाशंकर. धाकटा १९७२चा, शाळा सोलापुरात झालेली, म्हणून अशोक. एकाच घरात भीमाशंकर आणि अशोक हे सख्खे भाऊ असणं अगदी खरं आहे. धाकट्याच्या नावापर्यंत शहर घरात शिरलेलं असतं. मधली बहीण महानंदा, अक्कलकोट तालुक्यात दिलेली.

भीमाशंकरची बायको कलावती, तिचा मुलगा १९९३चा. पणजोबा मल्लप्पा वारले होते, त्यांचं नाव ठेवायचं म्हणून पाळण्यात मल्लप्पा, शाळेच्या दाखल्यावर मल्लिनाथ, मित्रांत मल्लू, आणि फेसबुकवर "मल्लिनाथ दादा बिराजदार". मल्लिनाथची बायको अश्विनी, उमरग्याची. त्यांची मुलगी २०१७ची आहे, आणि तिच्यापाशी येऊन प्रदेश पुसला जातो. ती आरोही. तीच मुलगी नागपुरात जन्मली असती तरी आरोहीच असती.

या घरातल्या नावांकडे वरून खाली पाहिलं तर कन्नड वळण, मग देवनाव, मग शाळेचं नाव, मग दूरदर्शनवरचं नाव असा उतार दिसतो. तुमच्या कादंबरीत तीन पिढ्या असतील तर हा उतार दिसला पाहिजे. तिन्ही पिढ्यांत सारखीच "गावरान" नावं असतील तर लेखकानं गाव लांबून पाहिलं आहे असं समजावं.

पात्राच्या जन्मसालाला शोभेल असं नाव कसं शोधायचं?

मतदार यादी हा उत्तम मार्ग आहे, आणि ती महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मराठीतच मिळते. तुमच्या कल्पनेतल्या गावाशेजारचं खरं गाव निवडा, त्याचा यादीभाग उतरवून घ्या. प्रत्येक मतदारापुढे वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. यादीच्या वर्षातून वय वजा करा, जन्मसाल आलं. मग फक्त साठीच्या वरच्या बायका बघा, नंतर चाळिशीतल्या, नंतर विशीतल्या. तासाभरात त्या गावाच्या तीन पिढ्यांची नावं डोळ्यांपुढे उभी राहतात.

यादीतून आणखी एक गोष्ट कळते. वडिलांच्या नावाच्या रकान्यामुळे यादीत नसलेली, वारलेली पिढीही हाती लागते. सत्तर वर्षांच्या माणसाचा बाप म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं नाव. १९४०च्या काळात घडणारं प्रकरण लिहायचं असेल तर ही नावं सोन्यासारखी.

मोठ्या सरासरीनं सांगायचं तर ज्यांचा जन्म स्वातंत्र्याच्या आधीचा त्यांच्यात दगडू, धोंडी, भिकू, कोंडिबा, सखूबाई, कोंडाबाई. १९५०-६०च्या जन्माच्या बायकांत मंगल, शालन, विमल, कुसुम, सिंधू. १९७०नंतर संगीता, सुरेखा, सविता यांची लाट. त्यांच्या मुली अश्विनी, रूपाली, पूजा. २०००नंतर वैष्णवी, साक्षी, समृद्धी.

दगडू, धोंडी, कचरू या नावांना विनोदी समजून वापरू नका. आधीची मुलं दगावली की पुढच्याला वाईटसाईट नाव ठेवायचं, म्हणजे नजर लागत नाही, ही त्यामागची समजूत. दगडू नावाच्या म्हाताऱ्याच्या मागे बहुधा दोन-तीन मेलेली भावंडं असतात, आणि कादंबरीकाराला हे ठाऊक असलं पाहिजे. मुलींत "नकोशी" किंवा "नकुसा" हे नाव वेगळ्या कारणानं, मुलगी नको म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींचं जाहीर कार्यक्रमात नव्यानं नामकरण झालं होतं. हे नाव पात्राला द्यायचं तर त्याचं ओझंही पात्रावर दिसू द्या.

आडनावावरून जात कळते का? मला जात स्पष्ट लिहायची नाही, पण वाचकाला कळावी असं वाटतं.

अर्धीमुर्धी कळते, आणि त्या अर्ध्यावरच गोंधळ होतो. जाधव, गायकवाड, पवार, शिंदे, मोरे, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी दलितांत आहेत. पवार, जाधव, चव्हाण बंजाऱ्यांतही आहेत. पवार, काळे, भोसले पारध्यांत आहेत. त्यामुळे नुसतं "पवार" लिहून काही सांगितल्यासारखं होत नाही. उलट बनसोडे किंवा शिवशरण म्हटलं की आमच्याकडच्या वाचकाला वस्ती कळते, पण नागपूरच्या वाचकाला कळेलच असं नाही. तिकडे तेच काम मेश्राम, रामटेके, गजभिये ही आडनावं करतात.

आडनावानं जे होत नाही ते पहिल्या नावानं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, प्रज्ञा, यशोधरा ही नावं आली. म्हणजे आपल्या गावात बनसोड्यांच्या घरी १९३८चा आजा तुकाराम किंवा मसू असेल, त्याचा १९६०चा मुलगा गौतम असेल. १९३८च्या आज्याला मिलिंद म्हटलंत तर काळ चुकला. राहुलच्या बाबतीत मात्र सावध राहा. १९८०नंतर ते नाव सगळ्यांचंच झालं आणि त्यावरून आता काहीच कळत नाही.

गावात एक पाटील आणि एक कुलकर्णी हवेतच का?

पाटील चालतील, पण "पाटील म्हणजे गावचा खलनायक" हे फार वापरून झालं आहे. मुळात पाटील हे पदाचं नाव. पाटीलकीची वतनं १९६०च्या दशकात कायद्यानं गेली, आडनाव उरलं. आमच्याकडे लिंगायत पाटील आहेत, मराठा पाटील आहेत, मुस्लिम घरांतही पाटील-पटेल सापडतात. जळगावकडे गेलात तर निम्मं गाव पाटील असू शकतं आणि त्यांचा एकमेकांशी भावकीचा संबंध असेलच असं नाही.

कुलकर्ण्यांचं गणित साल पाहून करा. कुलकर्णी वतन १९५०च्या कायद्यानं संपलं. त्याआधी १९४८ला गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीनं पश्चिम महाराष्ट्रातली पुष्कळ ब्राह्मण घरं गाव सोडून शहरात गेली. १९३५च्या कथेत वाड्यातला कुलकर्णी दप्तर घेऊन बसलेला दाखवा. २०१९च्या कथेत वाड्याला कुलूप, जमीन कुळाकडे गेलेली, आणि नातू वर्षातून एकदा देवाच्या पूजेला पुण्याहून गाडीनं येणारा. आत्ताच्या खेड्यात रोज पारावर बसणारा कुलकर्णी दाखवायचा असेल तर तो गावात का राहिला याचं कारण द्यावं लागेल.

"कर" लावून आडनाव करावं का? म्हणजे निंबर्गीचा निंबर्गीकर?

निंबर्गीतच राहणारा माणूस निंबर्गीकर कसा होईल? देशावर गावाचं नाव आडनाव होतं ते गाव सोडून गेलेल्यांचं. पंढरपूरकर बहुधा पंढरपुराबाहेर भेटतात. म्हणून हे आडनाव एखाद्या स्थलांतरित सोनाराला, शिंप्याला, व्यापाऱ्याला द्या. मग त्यात गोष्ट आपोआप येते: या घराचं मूळ कुठलं, ते इथे केव्हा आले. कोकणात आणि गोव्यात रीत वेगळी, तिथे स्वतःच्याच गावात राहून त्या गावाचं "कर" लावणारी घरं खूप आहेत.

उसाच्या टोळ्या बीडहून येतात. त्यांची नावं आमच्या गावापेक्षा वेगळी कशी दाखवू?

आडनावांनी सहज दिसतील. बीड जिल्ह्यातून येणाऱ्या टोळ्यांत वंजारी कुटुंबं पुष्कळ असतात. मुंडे, गित्ते, सानप, आंधळे, नागरगोजे, केंद्रे. बंजारा टोळी असेल तर राठोड, चव्हाण, आडे. साळुंखे हे सांगली-साताऱ्याचं आडनाव तिकडे सोळंके होऊन भेटतं.

खरी गंमत पहिल्या नावांत आहे. परळीच्या वैजनाथामुळे वैजनाथ, भगवानबाबांमुळे भगवान, नाथपंथामुळे मच्छिंद्र आणि गहिनीनाथ. आणि रामायण तर सगळंच: बिभीषण, अंगद, सुग्रीव, बायकांत मंदोदरी, अयोध्या, कौसल्या. बार्शीपासून बीडपर्यंत बिभीषण नावाचा माणूस कुणी वळून पाहणार नाही इतका नेहमीचा आहे. आपल्या भीमाकाठच्या गावात मात्र तो उठून दिसेल. मुकादमाचं नाव बिभीषण सानप ठेवा, त्याच्या टोळीतल्या कोयत्याचं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचं, अंगद आणि अयोध्या. फडात शरणप्पानं "अंगदा, मोळी बांध की" म्हटलं की दोन मुलखांची माणसं एका वाक्यात येतात. वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

विदर्भ, खानदेश, कोकण इथली पात्रं गावात आणली तर?

आधी ती इथे कशी आली ते पटवा. विदर्भातला माणूस बँकेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात, वीज कंपनीत बदलीनं येऊ शकतो. कोकणातला गुरुजी सोलापूरच्या खेड्यात दाखवायचा मोह होतो, पण वारं उलट्या दिशेनं वाहतं. घाटावरचे आणि मराठवाड्यातले गुरुजी नोकरीला कोकणात जातात, आणि कोकणातला माणूस मुंबईला. त्यामुळे सावंत किंवा परब हे पात्र मुंबईच्या गिरणीत आपल्या गावकऱ्याशेजारी काम करताना जास्त खरं वाटेल. नाव आत्माराम, गंगाराम किंवा सीताराम ठेवा, तो जुन्या कोकणी पिढीचा दिसेल.

विदर्भासाठी एक बारीक खूण सांगतो. आपल्याकडचा मारुती तिकडे आणि नांदेडकडे मारोती होतो. वानखेडे अमरावती-अकोल्याकडे बऱ्याचदा वानखडे. मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी "वार"वाली आडनावं चंद्रपूर-यवतमाळ-नांदेडच्या तेलंगणाकडच्या अंगाला. आत्राम, मडावी, उईके हे गोंड. शालिकराम, गुणवंता, पंचफुला ही नावं जुन्या वऱ्हाडी-नागपुरी पात्राला शोभतात.

खानदेशात आडनाव पाटील किंवा चौधरी असेल तर पहिल्या नावावर भार टाका. सुपडू, कौतिक, झिपरू, तोताराम. लेवा पाटीदार दाखवायचा असेल तर भंगाळे, नारखेडे, भारंबे. नंदुरबारचा आदिवासी असेल तर वसावे, वळवी, पाडवी, गावित.

गावातल्या मुस्लिम घरांना "शेख" दिलं की झालं ना?

शेख चुकीचं नाही, पण आळशीपणाचं आहे. खेड्यात आडनाव बहुधा कामावरून येतं. मुलाणी, पिंजणारे नदाफ, दर्ग्याची सेवा करणारे मुजावर, तांबोळी, अत्तार, बागवान. पहिल्या नावांत दर्गे बोलतात. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाजांमुळे बंदेनवाज, आळंदच्या दर्ग्यामुळे लाडलेसाब. जुन्या पिढीत दस्तगीर, मौला, महिबूब, राजेसाब, आणि बायकांच्या नावाला "बी": हाजराबी, मालनबी. यातलं मालन हे नाव शेजारच्या हिंदू घरातही असतं, आणि गावात तसंच घडतं. आपल्या गावातला गादी भरणारा लाडलेसाब नदाफ मराठी बोलेल, शरणप्पाशी कन्नड बोलेल आणि घरात दखनी.

आमचं पात्र सोलापूर शहरात कामाला जातं. तिथे कोण भेटेल?

पूर्वभागात गेलं तर तेलुगू पद्मशाली. यंत्रमाग आणि विडीचा धंदा त्यांच्याभोवती फिरतो. आडनावं गड्डम, मेरगू, चिलवेरी, बोल्ली. नावं नरसय्या, अंबादास, व्यंकटेश, श्रीनिवास, बायकांत नरसम्मा, पद्मा. इथे एक सापळा आहे. "अय्या" हा शेवट जंगमांत आहे तसा तेलुगूतही आहे. नरसय्या गड्डम आणि गुरुपादय्या हिरेमठ एकाच प्रकरणात आले तर त्यांची घरं आणि बोलणं इतकं वेगळं ठेवा की वाचक त्यांना एका माळेत ओवणार नाही.

कागदावरचं नाव लिहू की हाक मारायचं?

दोन्ही लागतात, आणि कोण हाक मारतं यावर ते ठरतं. शरणप्पांना नातू अज्जा म्हणतो, मुलगा अप्पा, गाव अण्णा, तलाठी "बिराजदार", आणि सुगलाबाई नावच घेत नाही. ती "अहो"ही म्हणणार नाही. "महानंदाचे वडील" किंवा नुसतं "ऐकलं का". सून कलावतीला सासऱ्याचं नाव घेता येत नाही, आणि त्यात सासऱ्यांच्या वडिलांचं नाव मल्लप्पा. म्हणून पोराला घरात मल्लू न म्हणता ती "बाळ्या" म्हणते. पंचविशीतल्या मल्लिनाथला सगळ्या गावात एकटी आईच बाळ्या म्हणते, कारण मोठ्यांची नावं तिच्या तोंडाला बंद आहेत.

निवेदनात मात्र एकाच रूपाला धरून राहा. संवादात हाका बदलू देत, पण निवेदक कधी मल्लिनाथ कधी मल्लू म्हणायला लागला तर वाचक मागची पानं चाळत बसतो.

एकाच नावाची दोन माणसं चालतील का?

खऱ्या गावात तीन सिद्धाराम बिराजदार असतात आणि गाव त्यांना मोटरवाला सिद्धाराम, उंच सिद्धाराम आणि गिरणीचा सिद्धाराम असं वेगळं करतं. कादंबरीत दोन ठेवायला हरकत नाही, फक्त पहिल्या भेटीतच टोपणनाव चिकटवा. सातबाऱ्यावरच्या नावसाधर्म्यानं कज्जा उभा राहणं हे तर तयार कथानक आहे. जास्त त्रास होतो तो सारख्या सुरुवातीच्या नावांचा. सिद्धाराम, सिद्धप्पा, सिद्धेश्वर, सिद्धव्वा एकाच घरात आले तर इथला वाचकसुद्धा अडखळतो. गावात ते खरं असलं तरी मुख्य पात्रांत एकच "सिद्ध" ठेवा, बाकीचे जत्रेच्या गर्दीत पाठवा.

खऱ्या माणसाचं नाव चुकून आलं तर?

बिराजदारांत मल्लिनाथ खूप असणार, त्याला इलाज नाही. अडचण येते ती पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव अशी चारही घरं जुळली की. मतदार यादीतून नाव उचलताना पहिलं नाव एका पानावरून, बापाचं दुसऱ्या पानावरून आणि आडनाव तिसऱ्या गावातून घ्या. गाव काल्पनिक ठेवलंत तर निम्मा धोका तिथेच टळतो. वाईट कामं करणाऱ्या पात्राच्या बाबतीत आणखी एक करा: सरपंच, सोसायटीचा चेअरमन, पोलीस पाटील असं पद दिलं असेल तर आसपासच्या चार-पाच गावांत त्या पदावर त्या नावाचं कुणी आहे किंवा होतं का, ते छापण्याआधी त्या बाजूच्या दोघा-तिघांना विचारून घ्या. हस्तलिखित वाचायला न देता नुसती नावांची यादी वाचून दाखवली तरी पुरतं. कुणी हसलं किंवा "हे तर आमच्या मावशीच्या गावचं" म्हणालं, तर ते नाव बदला.